स्पीडटेस्टचा स्क्रीनशॉट : डाउनलोड ९६ दिसतंय, मग मुलांना माझा आवाज रोबोसारखा का येतो?

गणितवाली_मावशी | सोमवार, रात्री ९:४०

मी पाथर्डी फाट्याजवळ राहते. आमच्या गल्लीत फायबर अजून आलेलं नाही, म्हणून गच्चीवर डबी बसवून हवेतून येणारं ५जी घेतलंय. संध्याकाळी ७ ते ९ मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते, सगळं ऑनलाइन. महिनाभर एकच तक्रार ऐकतेय : "मावशी, तुमचा आवाज रोबोसारखा येतोय." गंमत म्हणजे मुलांचा आवाज मला अगदी स्वच्छ येतो, त्यांची चित्रंही अडकत नाहीत. शनिवारी मात्र काही त्रास नसतो.

कंपनीला फोन केला. त्यांनी टेस्ट करायला सांगितली आणि म्हणाले, "मॅडम, शंभरच्या प्लॅनवर ९६ येतंय, लाइन एकदम ओके आहे." तक्रार बंद. स्क्रीनशॉट इथे चढत नाहीये, म्हणून आकडे उतरवून देते :

```
DOWNLOAD Mbps   96.31
UPLOAD Mbps      9.72
Ping ms   24    ↓ 88    ↑ 612
Jitter    11
```

डाउनलोड, अपलोड कळतं. बाकीचं कुणी समजावेल का? विशेषतः ते ६१२. तो चुकून आलेला आकडा आहे का?

बिनधास्त_नाशिककर | रात्री ९:५२

शंभरचा काढून टाका, तीनशेचा घ्या. माझ्याकडे तीनशे आहे, सगळे प्रश्न मिटले.

निशाचर_११ | रात्री ९:५८

पिंग २४ म्हणजे खूपच छान आहे मावशी. मी २४ वर रँक्ड खेळतो. नेटचा काही प्रॉब्लेम नाही, माइक बदला. हेडफोनवाला घ्या.

गणितवाली_मावशी | रात्री १०:०५

माइक नवीनच आहे रे. आणि माइक खराब असता तर शनिवारीही खराब असता ना?

निशाचर_११ | रात्री १०:०६

पॉइंट आहे.

अण्णा_सिडको | रात्री १०:२१

पिंग म्हणजे आपण हाक मारायची आणि समोरून "ओ" यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तो वेळ मिलिसेकंदांत दिसतो. जिटर म्हणजे अशा शंभर हाका मारल्या, तर सगळ्यात उशिरा आलेल्या "ओ"मधून सगळ्यात लवकर आलेला वजा करायचा. तुमचा ११ आहे, म्हणजे फारच कमी. काळजीचं कारण नाही. अपलोड कमी आहे खरा, पण शिकवायला १० पुरतं.

आठतारा | रात्री १०:५०

अण्णा, हाक आणि "ओ" एकदम बरोबर. जिटरचं मात्र तसं नाही. तिथे लागोपाठच्या दोन उत्तरांमधला फरक बघतात आणि अशा सगळ्या फरकांची सरासरी काढतात. समजा पाच हाकांना २२, २५, २१, ६०, २३ असा वेळ लागला. फरक झाले ३, ४, ३९, ३७. बेरीज ८३, भागिले चार, म्हणजे साधारण २१. तुमच्या हिशोबाने ६० वजा २१, म्हणजे ३९ आले असते. टेस्टवाले आपापल्या पद्धतीत थोडा फेरफार करतात, पण कल्पना हीच.

फरक का बघायचा, तर आवाज सलग जात नाही. कॉलमध्ये आपलं बोलणं साधारण वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवलं जातं. समोरचा मोबाइल ते तुकडे थोडे साठवून ओळीने वाजवतो. प्रत्येक तुकडा सारख्याच उशिराने आला तर ऐकणाऱ्याला कळतही नाही. एक लवकर, दुसरा फार उशिरा असं झालं, की उशिरा आलेला तुकडा फेकून द्यावा लागतो, कारण त्याची वाजायची वेळ टळून गेलेली असते. मग ॲप आधीचाच आवाज ताणून भोक बुजवतं. तोच तुमचा रोबो.

मावशी, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट आकड्यांत नाहीच. तुम्हाला मुलं नीट ऐकू येतात, मुलांना तुम्ही नाही. म्हणजे घराकडे येणारा रस्ता मोकळा आहे आणि घरातून जाणारा तुंबलाय. आणि ६१२ चुकून आलेला नाही. तुमचं दुखणं तिथेच आहे.

गणितवाली_मावशी | रात्री ११:०२

पण पिंग २४ आणि ६१२ दोन्ही एकाच टेस्टमध्ये कसे? लाइन तर एकच आहे.

आठतारा | रात्री ११:२०

२४ हा टेस्ट सुरू व्हायच्या आधी, लाइन रिकामी असताना मोजलेला. मग टेस्ट डाउनलोड भरून टाकते आणि त्या गर्दीत पुन्हा हाक मारते, तो खाली बाण असलेला ८८. नंतर अपलोड भरते आणि पुन्हा हाक, तो वर बाण असलेला ६१२.

द्वारका चौकातून पहाटे पाचला गेलात तर दोन मिनिटं. संध्याकाळी साडेसहाला जाऊन बघा. रस्ता तोच आणि गाडीही तीच, पण पुढे रांग आहे. तुमच्या मोडेममध्ये अशीच रांग लागते. बाहेर जाणारा माल एकदम आला, की मोडेम तो टाकून न देता साठवून ठेवतो आणि एकेक करून सोडतो. हिशोब करा : ६१२ वजा २४, म्हणजे ५८८ मिलिसेकंद नुसतं रांगेत थांबणं. ९.७ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण १.२ मेगाबाइट, कारण आठ बिट्सचा एक बाइट. अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त वेळात ७०० किलोबाइटच्या आसपास जातं. म्हणजे कुणीतरी अपलोड भरून टाकलं, की तुमच्या आवाजाच्या त्या चिमुकल्या तुकड्यापुढे ७०० किलोबाइट माल उभा असतो. टेलिफोनच्या जुन्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज होतं आणि ४०० च्या पुढे नको, असं धरलंय. तुम्ही त्याच्या बऱ्याच पलीकडे आहात.

आणि शिकवण्याच्या कॉलला स्वतःला फार काही लागत नाही. चित्र धरून दीड-दोन एमबीपीएस वर जातं. म्हणून अण्णांचं "१० पुरतं" हेही खरं आहे, पण तो दहाचा रस्ता तुमचा एकटीचा असेल तरच.

बिनधास्त_नाशिककर | रात्री ११:२८

मग मी काय वेगळं सांगितलं? तीनशे घेतलं की रस्ता रुंद.

आठतारा | रात्री ११:३३

तीनशेच्या प्लॅनमध्ये अपलोड किती मिळणार ते आधी विचारा. हवेतून येणाऱ्या नेटमध्ये बऱ्याचदा डाउनलोडच वाढवून मिळतं. तुमच्याकडे फायबर आहे ना? त्यात दोन्हीकडे सारखंच मिळतं बहुतेक, म्हणून तुमचं मिटलं.

बिनधास्त_नाशिककर | रात्री ११:३५

हो, फायबर. बरं, निम्मा मुद्दा मागे घेतो.

द्राक्षबाग | मंगळवार, सकाळी ६:१५

माझाही नेटचाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. आमची बाग निफाडकडे. घरात टॉवरच्या चार काड्या दिसतात, बागेत दोन. बागेतून व्यापाऱ्याला घडांचा व्हिडिओ पाठवायला दहा मिनिटं लागतात. पिंग कमी करायला काय करू?

आठतारा | सकाळी ७:४०

दादा, व्हिडिओ पाठवायला पिंगचा संबंध नाही, तिथे फक्त अपलोड. बागेत उभं राहून टेस्ट करा आणि अपलोडचा आकडा सांगा. मोबाइलची ताकद टॉवरच्या मानाने खूप कमी, म्हणून सिग्नल पडला की आधी वर जाणारं मरतं. शंभर मेगाबाइटचा व्हिडिओ म्हणजे आठशे मेगाबिट. अपलोड १.३ असेल तर बरोबर दहा मिनिटं.

द्राक्षबाग | सकाळी ८:०५

१.४ आलं! बांधावर चढून केलं तर ६. आता व्हिडिओ बांधावरूनच पाठवणार.

अण्णा_सिडको | सकाळी १०:१५

आठतारा, जिटरची चूक मान्य. पण एक शंका. मावशींचा जिटर ११च आहे, मग आवाज फुटतो कसा?

आठतारा | दुपारी १:१०

चांगला प्रश्न. तो ११ सुद्धा रिकाम्या लाइनवरचा आहे. त्यांच्या ॲपमध्ये निकालावर टिचकी मारली तर डाउनलोड आणि अपलोडच्या वेळचा जिटर वेगळा दिसेल. आणि स्क्रीनशॉट एका क्षणाचा असतो. मावशींनी टेस्ट बहुतेक दुपारी, कुणी नसताना केली असेल. त्यातून एवढंच कळतं की अपलोड भरला तर ६१२ होतं. संध्याकाळी तो खरंच कुणी भरतंय का, ते त्यातून कळत नाही. ते बघायला क्लास चालू असताना लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा आणि एकेकीत एकेक ओळ टाका :

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिला पत्ता तुमच्या राउटरचा. नुसतं `ipconfig` टाकलं की Default Gateway समोर दिसेल तो घ्या, तुमचा वेगळा असू शकतो. पहिल्यातच आकडे उड्या मारत असतील तर दोष घरातल्या वायफायचा. पहिला शांत आणि दुसरा उड्या मारतोय, तर दोष राउटरच्या पुढे.

गणितवाली_मावशी | रात्री ९:२५

केलं. टेस्ट दुपारचीच होती, बरोबर ओळखलंत. आज ७:२० ला दोन्ही चालवलं. राउटरवाला १ ते ४ मध्येच होता. दुसरा :

```
Packets: Sent = 100, Received = 97, Lost = 3 (3% loss)
Minimum = 21ms, Maximum = 704ms, Average = 298ms
```

आणि नेमकं तेव्हाच एक मुलगी म्हणाली, "मावशी, आता तर काहीच कळत नाहीये."

निशाचर_११ | रात्री ९:३१

सरासरी २९८! या पिंगवर मी मेल्याचं मला मेल्यानंतर कळेल.

आठतारा | रात्री ९:४५

झालं. वायफाय निर्दोष. घरातलं कुणीतरी सातच्या सुमारास भरभरून वर पाठवतंय. घरी काय काय आहे? कॅमेरे? मोबाइल किती?

गणितवाली_मावशी | रात्री ९:५५

कॅमेरा नाही. मुलगा अकरावीला आहे, त्याचा मोबाइल. सासूबाईंचा. माझा. ह्यांचा. मुलाला विचारलं तर तो उखडला, "प्रत्येक वेळी मीच का?" म्हणतो.

सुगरण_पंचवटी | रात्री १०:०२

मुलाचाच असणार. आमच्याकडे नेहमी मुलाचाच असतो.

आठतारा | रात्री १०:१०

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, काहींत कोण किती वापरतंय तेही दिसतं. नसेल तर सोपा उपाय : ७:२० ला पिंग चालू ठेवून एकेकाचं वायफाय बंद करत जा. आकडा कधी खाली येतो ते बघा. आणि शनिवारी कोण नसतं किंवा काय वेगळं असतं, याचाही विचार करा.

आठही_का_हव्यात | रात्री १०:४०

धागा वाचून मीही टेस्ट केली. माझा फायबरचा प्लॅन २०० चा. लॅपटॉपला केबल लावून कायम ९४ येतं. सकाळी ९४, रात्री ९४. पिंग ५, जिटर १. कंपनी म्हणते तुमच्याकडे प्रॉब्लेम. वर्षभर पैसे दोनशेचे भरतोय.

आठतारा | रात्री १०:५५

तुमचं आयडी वाचून वाटलं मुद्दाम माझी थट्टा करताय :) नेट गर्दीने कमी झालं तर आकडा हलतो. तुमचा ९४ वर खिळलाय, म्हणजे मध्ये कुठेतरी शंभरचा दरवाजा आहे. शंभरच्या पोर्टमधून वेष्टनाचं वजन वजा जाता साधारण ९४-९५ च बाहेर येतं. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत Link speed बघा. 100/100 असेल तर एक तर राउटरचं पोर्ट शंभरचं आहे किंवा केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्यात. शंभरला चार तारा पुरतात, हजारला आठही लागतात.

आठही_का_हव्यात | रात्री ११:२०

100/100 च आहे. क्लिपमध्ये वाकून बघितलं. केबल बसवणाऱ्याने निळी आणि तपकिरी जोडी कापून मागे वळवून ठेवलीय! दुसऱ्या केबलने १९१ आलं. आयडी बदलू का?

अण्णा_सिडको | रात्री ११:२३

"आता_आठही" ठेवा.

गणितवाली_मावशी | बुधवार, रात्री १०:०५

मंडळी, चोर सापडला आणि तो मुलगा नाही. आज ७:१५ ला पिंग चालू ठेवलं. आधी मुलाचं वायफाय बंद केलं, काही फरक नाही. सासूबाईंचं केलं, नाही. ह्यांचं बंद केलं आणि पुढच्याच ओळीला ६४० चे २६ झाले. पुन्हा चालू केलं, दहा सेकंदांत परत पाचशे.

हे अंबडला कारखान्यात देखभाल बघतात. दिवसभर मशीनचे व्हिडिओ काढतात, कुठला बेअरिंग वाजतोय ते दाखवायला. पावणेसातला घरी आले की मोबाइल वायफाय पकडतो आणि सगळं बॅकअपला चढवायला लागतो. आजचेच दोन जीबी होते. शनिवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी, म्हणून शनिवारी व्हिडिओ नाहीत आणि रोबोही नाही.

मुलाची माफी मागितली. त्याने त्या बदल्यात मिसळ मागितली.

सुगरण_पंचवटी | रात्री १०:१२

मी पण त्याची माफी मागते. दोन जीबी दहाच्या लाइनवर किती वेळ चालणार?

अण्णा_सिडको | रात्री १०:१८

सोळा हजार मेगाबिट भागिले साडेनऊ, म्हणजे जवळपास अठ्ठावीस मिनिटं, तेही सगळा अपलोड त्यालाच मिळाला तर. कॉलशी भांडत चालला तर जास्त. म्हणजे मावशींच्या क्लासची सुरुवात त्यातच जाणार. हा हिशोब तरी बरोबर आहे ना, आठतारा?

आठतारा | रात्री १०:३०

एकदम बरोबर अण्णा.

मावशी, क्लास संपेपर्यंत काकांचा बॅकअप बंद ठेवणं हा फुकटचा उपाय. कायमचा करायचा तर राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घालता येते. लाइन ९.७ देते ना, तर राउटरला ८.५ सांगायचं. मग रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते, आणि राउटर शहाणा असेल तर आवाजाचे छोटे तुकडे मोठ्या फायलींच्या मधून पुढे सोडतो. काही राउटरमध्ये हे SQM नावाने असतं. कंपनीने दिलेल्या डब्यात सहसा नसतं, वेगळा राउटर लावावा लागेल.

गणितवाली_मावशी | गुरुवार, रात्री ९:५०

आज ह्यांचा बॅकअप बंद ठेवला. सात ते आठ एकदम सुरेख, जास्तीत जास्त ७३, सरासरी २९. पण आठनंतर दोनदा आवाज फुटला. कुणीच काही पाठवत नव्हतं, मी सगळ्यांचे मोबाइल माझ्या टेबलावर घेऊन बसले होते. तेव्हा टेस्ट केली तर अपलोड ३.९. पाऊस होता, त्याने असेल का?

द्राक्षबाग | रात्री ९:५८

पावसाने डिश टीव्ही जातो, मग हे पण जाणारच.

आठतारा | रात्री १०:१५

डिशचे तरंग खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचे असतात, त्यांना पाऊस खातो. ५जीचं नेट बहुतेक ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, तिथे पावसाचा परिणाम नगण्य. मला वाटतं आठनंतर तुमच्या टॉवरवर सगळा परिसर घरी येऊन बसतो. डबीत पाणी गेलंय किंवा ती हलली आहे, हेही होऊ शकतं. इथूनच मर्यादेच्या उपायाची अडचण सुरू होते : मी ८.५ सांगितलं खरं, पण लाइनच ३.९ वर आली तर रांग पुन्हा मोडेममध्येच लागणार.

बिनधास्त_नाशिककर | रात्री १०:२०

अनुभवाचं सांगतो, पावसात आमच्या मामांचंही असंच होतं. नगण्य वगैरे पुस्तकात.

आठतारा | रात्री १०:२६

मामांच्या डबीपुढे झाड आहे का? ओली पानं वेगळी गोष्ट आहे.

बिनधास्त_नाशिककर | रात्री १०:३१

आंबा आहे. मोठा.

गणितवाली_मावशी | रात्री १०:४०

आमच्या डबीपुढे झाड नाही, पण शेजारची इमारत चढतेय, या महिन्यात तिसरा स्लॅब पडला. तोवर वहीत लिहून ठेवते : वेळ, अपलोड, पाऊस आहे की नाही. आठवडाभर रोज साडेसातला आणि सव्वाआठला. कंपनीला या वेळी डाउनलोडचा आकडा सांगणारच नाही.

निशाचर_११ | रात्री १०:४२

आणि काकांच्या बेअरिंगचे व्हिडिओ?

गणितवाली_मावशी | रात्री १०:४४

साडेनऊनंतर. आत्ता चढतायत. पिंग ५८०.